सभा पुढे गेली, अर्जाची मुदत नाही

सोसायटीच्या फलकावर चिठ्ठी लागते: ‘काही अपरिहार्य कारणामुळे समितीची सभा पुढे ढकलली आहे. नवी तारीख नंतर कळवू.’ अशा चिठ्ठीने कुणाचंच काम भागत नाही.

समजा, 12 जूनच्या सभेत दोन विषय होते: एका सदनिकेच्या खरेदीदाराचा सभासदत्वाचा अर्ज आणि टाकीच्या दुरुस्तीची दरपत्रकं. अध्यक्ष रुग्णालयात, दोन सदस्य गावी, म्हणजे गणपूर्ती अशक्य. सचिवांना 26 जून सोयीचा वाटतो. पण अर्ज 20 मार्चला आलेला आहे. महाराष्ट्राच्या सहकारी संस्था कायद्याच्या कलम 22 नुसार तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही, तर अर्जदार सभासद झाला असं मानलं जातं. 26 तारखेला समितीने नकार दिला, तरी उशीर झालेला असेल. म्हणून सभा 18 जूनला घ्यायची, आणि निर्णयाचं पत्र 20 तारखेच्या आत अर्जदाराच्या हाती द्यायचं.

उपविधीत तीन पूर्ण दिवसांची नोटीस असेल, तर ती काढल्याचा दिवस आणि सभेचा दिवस धरायचा नाही. म्हणजे 14 जूनला नोटीस निघालीच पाहिजे. तीत मूळ तारीख, नवी तारीख-वेळ-जागा आणि ‘गणपूर्ती होणार नसल्याने’ एवढं कारण पुरे. अध्यक्षांचा आजार फलकावर कशाला? शेवटी लिहायचं: ‘विषयपत्रिका तीच राहील.’ दरपत्रकांची मुदत 15 जूनला संपत असेल, तर ठेकेदाराकडून मुदतवाढीचं पत्र आधीच घ्यावं, नाहीतर 18 तारखेला जुन्या दरावर चर्चा होते आणि नंतर ठेकेदार नवा दर सांगतो.