सतरा कळांचा हिशोब

बदलापूर पूर्वेच्या शिरगावात माझ्या ओळखीचं एक कुटुंब राहतं. बाबा आसपासच्या छोट्या कारखान्यांची खाती संध्याकाळी घरी बसून लिहितात. थोरली मुलगी प्रोग्रामर आहे. आठवड्यातले तीन दिवस ती लोकलने मुंबईला जाते आणि उरलेले दोन घरून काम करते. धाकटी कॉलेज सांभाळून शासनाच्या संगणक टायपिंग परीक्षेची तयारी करते. तिघांत मिळून एकच घडीचं टेबल, साठ सेंटिमीटर लांबीचं. जुना कीबोर्ड बिघडला, तेव्हा थोरलीने तिचा ऑफिसच्या बॅगेतला छोटा कीबोर्ड टेबलावर ठेवला. दुसऱ्याच दिवशी बाबांचा मला फोन आला: "अहो, ह्यात आकडेच नाहीत!"

आकडे होते. अक्षरांच्या वरच्या ओळीत १ ते ० पर्यंतचे सगळे होते. बाबांना जे आकडे म्हणायचे होते, ते उजवीकडचे.

मग एका रविवारी आम्ही फूटपट्टी घेऊन बसलो. दुकानात 'फुल साइज', 'टेनकीलेस' आणि 'सिक्स्टी पर्सेंट' अशी तीन नावं ऐकू येतात. ती ऐकून वाटतं की कळा लहान-मोठ्या असाव्यात. तसं नाही. तिन्हींत एका कळेच्या मध्यापासून शेजारच्या कळेच्या मध्यापर्यंतचं अंतर साधारण १९ मिलिमीटरच असतं. बोटांना अक्षरं त्याच जागी सापडतात. फरक आहे तो काय कापून काढलं याचा.

फुल साइजवर १०४ कळा असतात. त्यातला उजव्या टोकाचा आकड्यांचा पट्टा, म्हणजे नमपॅड, १७ कळांचा. तो काढला की उरतात ८७, आणि हाच टेनकीलेस. अमेरिकेत बेरजेच्या यंत्रावरच्या ० ते ९ या दहा कळांना 'टेन की' म्हणत, म्हणून हे नाव; प्रत्यक्षात जातात सतरा. आता एस्केपसकट वरची एफ-१ ते एफ-१२ ची ओळ, बाणांच्या चार कळा, आणि होम, एंड, डिलीट, पेज अप वगैरेंचा पुंजका हेही काढा. अशा २६ कळा गेल्या की ६१ उरतात. १०४ मधल्या ६१ म्हणजे जवळजवळ साठ टक्के, म्हणून सिक्स्टी पर्सेंट.

रुंदीत हा फरक डोळ्यांत भरतो. फुल साइज कडेच्या पट्टीसकट साधारण ४४ सेंटिमीटर भरतो, टेनकीलेस ३६ आणि सिक्स्टी जेमतेम ३०. माउस फिरवायला आणखी वीस सेंटिमीटर तरी हवेत. म्हणजे शिरगावच्या त्या टेबलावर फुल साइज आणि माउस मिळून ६४ होतात, आणि माउस टेबलाच्या कडेवरून खाली डोकावतो. टेनकीलेसला ५६ पुरतात.

पण टेबलापेक्षा खांद्याचा प्रश्न मोठा. टाइप करताना आपण अक्षरांच्या मध्यासमोर बसतो, साधारण जी आणि एच या कळांच्या मधोमध. तिथून फुल साइजची उजवी कड ३० सेंटिमीटर दूर असते, टेनकीलेसची २२ आणि सिक्स्टीची सोळाच्या आत. माउस त्या कडेच्याही पलीकडे. उजवा हात दिवसभर तितका बाहेर ताणून ठेवायचा की कोपर अंगाजवळ ठेवायचं, हे या आठ सेंटिमीटरवर ठरतं. थोरलीचा उजवा खांदा का दुखायचा, ते फूटपट्टीने सांगितलं. ती मिनिटाला दोन-तीनदा माउसकडे जाते आणि परत येते.

बाबांचं तसं नाही, आणि या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट मला वाटते ती हीच. ते टॅली वापरतात, आणि टॅली जवळपास पूर्ण कीबोर्डवरच चालतं. एफ-५ म्हणजे पेमेंट, एफ-६ रिसीट, एफ-८ सेल्स, एफ-९ पर्चेस. पेज अप आणि पेज डाउनने मागचं-पुढचं व्हाउचर. माउस तासन्‌तास पडून असतो. फुल साइजचा जो दोष थोरलीला छळतो, तो बाबांच्या वाट्याला येतच नाही.

शिवाय नमपॅडचा गुण त्यांच्या हातात मुरलेला आहे. समजा बिलाची रक्कम ४७२५०.५० आहे. उजव्या हाताची तर्जनी ४ वर, मधलं बोट ५ वर, अनामिका ६ वर. पाचाच्या कळेवर बारीक उंचवटा असतो, त्यावरून न बघता जागा कळते. ४ तर्जनीने जागीच, ७ तिनेच एक घर वर. २ मधल्या बोटाने एक घर खाली, ५ परत जागी, ० अंगठ्याने. दशांश अनामिकेने, ५, पुन्हा अंगठ्याने ०, आणि करंगळीने एंटर. मनगट हललंच नाही. सगळे आकडे पावणेसहा सेंटिमीटरच्या चौकोनात आणि त्याच्या लगेच खाली. वरच्या ओळीतले हेच दहा आकडे १९ सेंटिमीटरवर पसरलेले आहेत, आणि एंटर आणखी दूर. तिथे एका हाताने लिहायचं तर हात धावतो, आणि न बघता लिहायचं तर दोन्ही हात लागतात. बाबांचा डावा हात मोकळा नसतो, तो बिलांच्या गठ्ठ्यावर असतो. एक बिल उलटलं, बोट पुढच्या रकमेखाली टेकवलं, उजव्या हाताने लिहिलं. डावा हात कीबोर्डवर ओढला की ही लय तुटते, आणि नजर कागद सोडून कळांकडे गेली की ४७२५० चे ४७५२० होतात.

नमपॅडची एक जुनी खोडही सांगायला हवी. १९८१ च्या आयबीएम पीसीच्या कीबोर्डला ८३ कळा होत्या आणि बाणांना स्वतंत्र जागा नव्हती. बाण नमपॅडवरच्या आकड्यांतच राहत. आता आकडा की बाण हे ठरवायला नम लॉक आलं. १९८० च्या दशकाच्या मध्याला १०१ कळांचा कीबोर्ड आला, बाणांना वेगळं घर मिळालं, तरी नम लॉक राहिलंच. ते चुकून बंद पडलं तर ८ दाबल्यावर आठ उमटत नाही, कर्सर वर सरकतो, आणि रकमेतला एक आकडा गुपचूप गळतो. बेरीज जुळत नसेल तर आधी नम लॉकचा दिवा बघावा. आणि मोबाइलवर १-२-३ वर असतात, नमपॅडवर ७-८-९. म्हणून फोनवरून पैसे पाठवून लगेच हिशोबाला बसणाऱ्याचं बोट काही क्षण अडखळतं.

वरच्या ओळीतला ५ आणि नमपॅडवरचा ५ संगणकाच्या लेखी एकच नसतात. यूएसबी कीबोर्ड त्यांच्यासाठी वेगवेगळे संकेत पाठवतो, पहिल्यासाठी ३४ आणि दुसऱ्यासाठी ९३. याचा फटका लग्नपत्रिका आणि फ्लेक्स करणाऱ्या डीटीपीवाल्यांना बसतो. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये 'क्र' आणायला ऑल्ट दाबून ठेवून ०२१६ लिहितात. विंडोजमध्ये ते नमपॅडवरच लिहावं लागतं, वरच्या ओळीने चालत नाही. असं काम करणाऱ्याने टेनकीलेस घेताना दहादा विचार करावा.

युनिकोड मराठीची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. इनस्क्रिप्टमधली आपल्याला लागणारी सगळी अक्षरं त्या ६१ कळांतच बसतात. डाव्या हाताखाली स्वर, उजव्या हाताखाली व्यंजनं. 'ॉ' उलट्या तिरक्या रेघेच्या कळेवर, 'ृ' बरोबरच्या चिन्हावर, आणि शिफ्टबरोबर वरच्या ओळीतल्या ५, ६, ७ वर 'ज्ञ', 'त्र', 'क्ष'. मराठी लेखन करणाऱ्याचं सिक्स्टीवर एकही अक्षर अडत नाही.

मग सिक्स्टीवर अडतं कुठे? कापलेल्या २६ कळा नाहीशा होत नाहीत, एफएन या कळेखाली दडतात. एफएन धरून दुसरी कळ दाबली की कीबोर्डच्या आतली चिप संगणकाला 'वरचा बाण' असा संकेत पाठवते. एफएन दाबलं हे संगणकाला सहसा कळतच नाही, म्हणून विंडोजच्या सेटिंगमध्ये जाऊन ते बदलता येत नाही. आणि कुठल्या कळेखाली काय, याचं सर्वमान्य मानक नाही. कुणी बाण डब्ल्यू-ए-एस-डी खाली ठेवतं, कुणी आय-जे-के-एल खाली. एका कंपनीच्या सिक्स्टीची सवय दुसऱ्याच्या सिक्स्टीवर फुकट जाते.

हा लहान आकार प्रोग्रामरना आवडला त्याला इतिहास आहे. जपानचे संगणकशास्त्रज्ञ एइइती वादा यांच्या कल्पनेतून १९९६ मध्ये पीएफयू कंपनीने 'हॅपी हॅकिंग कीबोर्ड' काढला, साठ कळांचा. तो युनिक्सवाल्यांसाठी होता. त्यांचा व्हीआय हा एडिटर बिल जॉय यांनी एडीएम-३ए नावाच्या टर्मिनलवर लिहिला होता. त्यावर बाण एच, जे, के, एल याच कळांवर छापलेले होते, म्हणून व्हीआयमध्ये आजही कर्सर त्याच कळांनी हलतो. अशा माणसाला बाणांची वेगळी कळ नसली तरी चालतं.

आपली थोरली व्हीआय वापरत नाही. ती डीबगर चालवते. एफ-१० ने पुढची ओळ, एफ-११ ने फंक्शनच्या आत, शिफ्ट आणि एफ-११ ने बाहेर. सिक्स्टीवर हे शेवटचं काम तीन कळांचं होतं, दिवसातून शेकडो वेळा. दुसरी अडचण ` आणि ~ या चिन्हांची. ती एका कळेवर असतात आणि सिक्स्टीत त्या जागी बहुधा एस्केप बसतो. टर्मिनलमध्ये ~ लिहायला एफएन, शिफ्ट आणि एस्केप एकदम धरावे लागतात. लोकलच्या बॅगेत मावतो म्हणून तिने सिक्स्टी घेतला, ते ठीक. रोजच्या टेबलावर तिला टेनकीलेसच हवा होता.

धाकटीची निवड वेगाने झाली. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या टायपिंग परीक्षेत मराठीचा वेग मिनिटाला ३० किंवा ४० शब्द लागतो. अक्षरांच्या जागा तिन्ही कीबोर्डवर सारख्याच, त्यामुळे वेगाचा सराव कशावरही होतो. पण परीक्षेत पत्र आणि तक्ताही करावा लागतो. तिथे डिलीट, होम, बाण यांच्याकडे हात सवयीने गेला पाहिजे, आणि परीक्षेच्या संगणकाला साधा फुल साइज कीबोर्ड असण्याचीच शक्यता जास्त. टेनकीलेसवर या कळा फुल साइजच्याच जागी असतात. सिक्स्टीवर सहा महिने सराव केलेला हात तिथे एफएन शोधत बसेल.

कुणाला खात्री नसेल तर खरेदीआधी एक प्रयोग आहे. जुन्या फुल साइजच्या नमपॅडवर जाड कागद चिकटवायचा आणि आठवडाभर काम करायचं. हात कागदावर किती वेळा आपटतो ते मोजायचं. आपटत नसेल तर एफ-ओळ आणि बाण झाकून पुन्हा बघायचं. त्या घरात कागद चिकटवायची वेळच आली नाही. थोरलीच्या सिक्स्टीने बाबांवर तो प्रयोग आधीच केला होता.

शेवटी टेबलावर टेनकीलेस आला आणि बाबांसाठी वायरीचा सुटा नमपॅड, नऊ सेंटिमीटर रुंद. बाबा बसले की माउस कपाटावर जातो आणि नमपॅड उजवीकडे येतो. थोरली बसली की उलट. मध्यंतरी त्यांनी नमपॅड डावीकडे ठेवून पाहिला, म्हणजे माउस हलवायला नको. पण डाव्या हातात बोटांचा क्रम उलटतो, तर्जनी ४ ऐवजी ६ वर येते. दोन दिवस चारांच्या जागी सहा पडत राहिले, आणि बिलांचा गठ्ठाही उजव्या हाताखाली गेला. तिसऱ्या दिवशी नमपॅड परत उजवीकडे आला.