स्टोकॅस्टिकचे छेद: रेंजमध्ये खरे, ट्रेंडमध्ये खोटे

स्टोकॅस्टिक ऑसिलेटर हे भावाची जागा सांगणारे मोजमाप आहे. गेल्या चौदा कँडल्समधला सर्वात वरचा आणि सर्वात खालचा भाव घ्यायचा आणि आजचा बंद भाव त्या दोहोंच्या दरम्यान नेमका कुठे आहे ते टक्क्यांत काढायचे, एवढेच त्याचे काम. शिकागोच्या जॉर्ज लेन यांनी ते 1950च्या दशकात वायदे बाजारासाठी रूढ केले. आज क्रिप्टोच्या प्रत्येक चार्टिंग प्रणालीत ते तयार मिळते.

```
%K = (C - L) / (H - L) × 100
%D = %K ची तीन कँडल्सची सरासरी
```

यात `C` म्हणजे आजचा बंद भाव, `H` आणि `L` म्हणजे चौदा कँडल्समधला उच्चांक आणि नीचांक. `%K` ही चपळ रेघ, तर `%D` ही तिच्या मागून येणारी संथ रेघ. 80 च्या वर भाव ‘ओव्हरबॉट’ आणि 20 च्या खाली ‘ओव्हरसोल्ड’ म्हणायची पद्धत आहे. 20 खाली `%K` ने `%D` ला खालून वर छेदले की खरेदी आणि 80 वर वरून खाली छेदले की विक्री, हा क्रॉसओव्हरचा रूढ नियम. या नियमाने एका प्रकारच्या बाजारात बऱ्यापैकी पैसे मिळतात आणि दुसऱ्या प्रकारच्या बाजारात ते परत जातात. हा दोष नशिबाचा नाही. तो वरच्या भागाकारातच दडलेला आहे.

आधी नियम चालतो तो काळ पाहू. 2018 च्या सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत बिटकॉइनचा डॉलरमधला भाव ठोकळमानाने 6,200 ते 6,800 या पट्ट्यात अडकून होता. त्या वर्षी फेब्रुवारी, जून आणि ऑगस्टमध्ये 6,000 च्या आसपास भाव सावरला होता, त्यामुळे तिथे खरेदीदार उभे राहतात अशी खात्री बाजाराला वाटू लागली होती. पट्ट्याची दोन्ही टोके चौदा दिवसांच्या खिडकीत आली की `H` म्हणजे 6,800 आणि `L` म्हणजे 6,200. छेद 600 वर स्थिर राहतो. मग 6,320 ला `%K` 20 दाखवतो आणि 6,680 ला 80. म्हणजे मोजपट्टी जागेवर खिळलेली असते आणि तिच्यावर फक्त भाव सरकतो. अशा वेळी 20 खालचा आकडा म्हणजे खरोखर पट्ट्याचा तळ आणि 80 वरचा आकडा म्हणजे खरोखर पट्ट्याचे छत. वळण पक्के होईपर्यंत थोडा भाव निसटतो हे धरूनही, 6,350 ला खरेदी आणि 6,650 ला विक्री झाली तर साडेचार टक्क्यांच्या वर सुटतात. शुल्क वजा जाता चार टक्के धरायला हरकत नाही.

14 नोव्हेंबर 2018 ला हा पट्टा फुटला. बिटकॉइन कॅशमधली फूट दुसऱ्या दिवसावर आली होती आणि त्या वादाने बाजार आधीच धास्तावलेला होता. भाव 6,300 च्या आसपासून एका दिवसात साडेपाच हजारांजवळ आला. त्यानंतरचे चार दिवस तो तिथेच घुटमळला. नवख्या ट्रेडरला फसवणारी हीच जागा.

घुटमळणाऱ्या भावात काय होते ते आकड्यांत पाहण्यासारखे आहे. समजा खिडकीचा उच्चांक 6,500 आणि नीचांक 5,500 आहे आणि सलग तीन दिवस `%K` 10, 4 आणि 3 आला. तिसऱ्या दिवशी `%D` असेल 5.7, म्हणजे `%K` अजून खाली आहे. चौथ्या दिवशी भाव 5,530 वरून 5,550 झाला. `%K` 5 होतो. पण `%D` च्या सरासरीतून आता 10 हा जुना आकडा गळाला, म्हणून तो 4 वर उतरतो. छेद झाला, तोही 20 च्या खाली, आणि खरेदीचा इशारा मिळाला. त्यासाठी खरेदीदार परत आले असण्याची गरजच पडली नाही. वीस डॉलरची हालचाल पुरली, कारण या छेदाचा अर्थ ‘भाव वर निघाला’ असा नाही, ‘घसरण क्षणभर थांबली’ एवढाच आहे. रेंजमध्ये घसरण थांबते ती पट्ट्याच्या तळाशी, म्हणून हे दोन अर्थ एकच होतात. मंदीच्या ट्रेंडमध्ये ती कुठेही थांबते, दम खाते आणि पुन्हा सुरू होते.

19 आणि 20 नोव्हेंबरला भाव पाच हजारांखाली गेला आणि 25 तारखेला दिवसभरात 3,600 च्याही खाली उतरला. तिथून तो चार हजारांपर्यंत उसळला. तेव्हा खिडकीचा उच्चांक अजून 6,400 च्या आसपासचा होता, म्हणून चारशे डॉलर वर येऊनही `%K` पंधराच्या घरातच राहिला आणि नियमाप्रमाणे पुन्हा खरेदीचा छेद दिसला. चार हजारांना घेतलेले बिटकॉइन विकायचे कधी? `%K` 80 वर जाऊन खाली छेदेल तेव्हा. भाव 4,300 च्या पुढे पोचला, पण खिडकीचे छत खूप उंच असल्याने 80 चा आकडा उगवलाच नाही. डिसेंबरच्या मध्यावर भाव सुमारे 3,200 होता. नियम अक्षरशः पाळणाऱ्याच्या हातात वीस टक्के तोटा होता आणि बाहेर पडण्याचा इशारा मिळालेलाच नव्हता.

तेजीत हीच गोष्ट उलट बाजूने घडते, आणि तिथे नुकसान तोट्याच्या रूपात दिसत नाही, म्हणून ते ओळखणे जास्त अवघड. समजा एका नाण्याचा भाव बरेच दिवस रोज 200 डॉलरने चढतो आहे. दिवसाचा उच्चांक बंद भावाच्या 100 वर, नीचांक 300 खाली असतो. पहिल्या दिवशी 10,000 ला बंद झालेला भाव चौदाव्या दिवशी 12,600 ला बंद होतो. खिडकीचा नीचांक 9,700, उच्चांक 12,700, म्हणून `%K` 96.7. तो रोज एवढाच येत राहतो. चढण आणखी तीव्र केली तर तो 100 कडे सरकेल. म्हणजे चांगल्या ट्रेंडमध्ये ‘ओव्हरबॉट’ हा इशारा नसून नेहमीची अवस्था असते, कारण बंद भाव खिडकीच्या वरच्या टोकालाच असणार हे गणितानेच ठरलेले असते.

पंधराव्या दिवशी नफावसुली होऊन भाव 12,200 ला बंद झाला. `%K` 82 वर आला, `%D` मात्र 92 च्या जवळ. 80 वरचा छेद, म्हणून विक्री. सोळाव्या दिवशी भाव 12,800 झाला, उच्चांक 12,900. `%K` पुन्हा 96, `%D` 92. छेद वर झाला, पण तो 20 खालचा नाही, म्हणून नियमात खरेदी बसत नाही. परत आत शिरायला `%K` 20 खाली यायला हवा. पंधराव्या दिवशीच तो तिथे यायचा म्हटले तर भाव 10,460 पर्यंत पडायला हवा होता, म्हणजे सतरा टक्क्यांची घसरण. तेजीतून बाहेर पडायला तीन टक्क्यांचा धक्का पुरतो आणि परत यायला सतरा टक्क्यांची पडझड लागते, हा या नियमाचा सर्वात मोठा आणि सर्वात कमी सांगितला जाणारा दोष. डिसेंबर 2020 च्या पहिल्या पंधरवड्यात 17,600 ते 19,900 मध्ये घोटाळणारा बिटकॉइन 16 तारखेला 20,000 ओलांडून गेला आणि 8 जानेवारी 2021 ला 41,000 च्या वर पोचला. 80 पाहून विकणाऱ्यांच्या हातून त्यातले बरेचसे निसटले.

क्रिप्टोत रेंजचे ट्रेंडमध्ये रूपांतर इतके अचानक होते त्याला बाजाराची घडणही कारण आहे. पट्टा जितका जुना, तितके त्याच्या दोन्ही कडांबाहेर स्टॉपलॉस साचत जातात. उधारीवर घेतलेल्या फ्युचर्समधल्या पोझिशन्सचे मार्जिन संपले की एक्स्चेंज त्या आपोआप बंद करते. तळ फुटला की ही सक्तीची विक्री भाव आणखी खाली ढकलते आणि पुढच्यांचे मार्जिन संपवते. शेअर बाजारातल्यासारखे सर्किट इथे नाही आणि सुटीचा दिवसही नाही. बहुतेक ठिकाणी रोजची कँडल बंद होते ती भारतात पहाटे साडेपाचला, त्यामुळे रात्री झोपलेल्या ट्रेडरला फुटलेला पट्टा सकाळीच दिसतो.

भारतातल्या ट्रेडरला यात करांची भर सोसावी लागते. एप्रिल 2022 पासून क्रिप्टोच्या नफ्यावर 30 टक्के कर आहे आणि एका व्यवहारातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वजा करता येत नाही. एक लाख रुपयांवर रेंजमध्ये तीनदा चार टक्के मिळाले तर 12,000 नफा. पट्टा फुटताना एकदा 10,000 गेले. हातात उरले 2,000, पण कर लागतो 12,000 वर, म्हणजे 3,600 आणि वर सेस. तीन बरोबर आणि एक चूक असूनही हिशेब उण्यात जातो. जुलै 2022 पासून विक्रीवर कापला जाणारा एक टक्का टीडीएस नंतर करात वळता होतो, पण वारंवार छेद पाळणाऱ्याचे भांडवल तोवर अडकून पडते.

रेंज संपली हे ओळखण्याची सर्वात साधी खूण सूत्रातच आहे. `%K` कडे पाहण्याआधी `H` आणि `L` कडे पाहावे. दोन्ही आकडे कित्येक दिवस तेच असतील तर मोजपट्टी स्थिर आहे आणि छेदांना अर्थ आहे. त्यातला एक रोज नवा होत असेल तर मोजपट्टीच सरकते आहे, आणि तेव्हाचे उलट दिशेचे छेद सोडून द्यावेत. वेल्स वाइल्डर यांचा 1978 मधला एडीएक्स हा निर्देशांकही यासाठी वापरतात. तो 20 खाली असेल तर रेंज, 25 वर गेला तर ट्रेंड, असा संकेत आहे. पण तो दोनदा सरासरी काढून बनतो, त्यामुळे 14 नोव्हेंबरसारख्या दिवशी तो वेळेवर बोलत नाही. पट्टा फुटण्याच्या पहिल्या दिवशी वाचवतो तो पट्ट्याबाहेर आधीच लावलेला स्टॉपलॉस.

ट्रेंड पक्का झाल्यावर स्टोकॅस्टिक टाकूनच द्यावा असे नाही. तेजीत विक्रीचे छेद सोडायचे आणि `%K` 40-50 पर्यंत उतरून पुन्हा वर छेदला की तिथे खरेदीचा विचार करायचा. मंदीत याच्या उलट. वरच्या उदाहरणातला 82 पर्यंतचा धक्का या नियमात इशाराच ठरत नाही, त्यामुळे पंधराव्या दिवशी नाणे हातातच राहते. मात्र फार तीव्र तेजीत `%K` कित्येक आठवडे 50 पर्यंत उतरतच नाही. तेव्हा बाहेर राहिलेल्याला या मोजमापाकडून आत शिरायची जागा मिळत नाही.