गळतं लघवीतून, साठतं रक्तात

पाच वर्षांच्या मुलाच्या रिपोर्टवर कोलेस्टेरॉल ४६२ आणि ट्रायग्लिसराइड ३१० असे आकडे दिसले, की आईवडिलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "आम्ही याला खायला काय चुकीचं दिलं?" या वयात कोलेस्टेरॉल १७० च्या आत असावं अशी अपेक्षा असते. मग आजी वरणावरचं तूप बंद करते, अंडं बंद होतं आणि खारी-बिस्किटांवर संशय घेतला जातो. खरं तर ही चरबी तोंडावाटे आलेलीच नसते. त्याच कागदावर खाली आणखी दोन ओळी असतात : लघवीतलं प्रोटीन चार प्लस आणि रक्तातलं अल्ब्युमिन १.६ ग्रॅम. निरोगी मुलात ते साडेतीनच्या वर असतं. वरच्या दोन आकड्यांचं कारण या खालच्या दोन ओळींत आहे.

हे मूल बालरोगतज्ज्ञांच्या नेहमीच्या पाहण्यातलं आहे, म्हणून नमुना म्हणून घेऊ. सकाळी उठल्यावर डोळ्यांभोवती सूज, संध्याकाळपर्यंत ती पायांवर उतरलेली, पँटचा पट्टा घट्ट झालेला. आधी १७ किलो असलेलं वजन तीन आठवड्यांत साडेएकोणीस झालेलं. शेजारच्या काकू म्हणतात, "बाळसं धरलंय." बऱ्याचदा पहिला आठवडा डोळ्यांच्या थेंबांत आणि ॲलर्जीच्या औषधात जातो. लघवीला फेस येतोय हे सांगावं असं कुणाच्या लक्षातच येत नाही. या आजाराला नेफ्रॉटिक सिंड्रोम म्हणतात. मुलांमध्ये त्याच्या मुळाशी बहुतेक वेळा 'मिनिमल चेंज' हा प्रकार असतो. त्यात साध्या सूक्ष्मदर्शकाखाली मूत्रपिंडाचा तुकडा जवळपास निरोगी दिसतो आणि बिघाड कळायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो.

मूत्रपिंडात रक्त गाळणारे सूक्ष्म केशवाहिन्यांचे लाखो गुच्छ असतात. त्यांच्या बाहेरच्या अंगाला पोडोसाइट नावाच्या पेशी पायांची बोटं एकमेकांत गुंतवून बसलेल्या असतात. त्या बोटांमधल्या फटींतून पाणी आणि क्षार जातात, अल्ब्युमिन जवळजवळ जात नाही. मिनिमल चेंजमध्ये ही बोटं सपाट होतात, फटींची रचना मोडते आणि अल्ब्युमिन लघवीत सुटतं. मोठ्या माणसात दिवसाला साडेतीन ग्रॅमहून अधिक प्रोटीन जाऊ लागलं, की गळती नेफ्रॉटिक पातळीची समजतात.

इथे हिशेब करणाऱ्या वाचकाला एक शंका येईल. प्रौढ माणसाचं यकृत दिवसाला दहा ते पंधरा ग्रॅम अल्ब्युमिन तयार करतं. मग सहा-सात ग्रॅम गेल्यावर रक्तातली पातळी इतकी का घसरावी? कारण लघवीत मोजलं जातं ते पूर्ण नुकसान नव्हे. गाळणीतून सुटलेल्या अल्ब्युमिनचा मोठा भाग पुढच्या नलिकांमधल्या पेशी ओढून घेतात आणि तिथेच मोडून टाकतात. तो लघवीच्या बाटलीपर्यंत पोचतच नाही.

अल्ब्युमिन पाण्याला रक्तवाहिनीत धरून ठेवतं. ते कमी झालं, शिवाय मूत्रपिंड मीठ रोखून धरू लागलं, की अंगावर सूज येते. हे बहुतेकांना माहीत असतं. चरबी का वाढते, हे मात्र दवाखान्यातही क्वचितच कुणी बसून समजावतं.

पहिलं कारण यकृतात आहे. रक्ताची पाणी ओढून धरण्याची ताकद घटली, की यकृत अल्ब्युमिनचं उत्पादन वाढवतं. पण वाढतं ते फक्त अल्ब्युमिन नव्हे. चरबी वाहून नेणारे कण, म्हणजे लायपोप्रोटीन, तेही जादा बाहेर पडू लागतात. फायब्रिनोजेन हे रक्त गोठवणारं प्रथिनही वाढतं, त्यामुळे या रुग्णांच्या शिरांत गुठळ्या होण्याचा धोका असतो. पूर्वीच्या प्रयोगांत अशा रुग्णांना डेक्स्ट्रान टोचून पाहिलं गेलं. डेक्स्ट्रान म्हणजे साखरेच्या लांब साखळ्यांचं द्रावण. त्याने अल्ब्युमिन वाढत नाही, फक्त रक्ताची पाणी धरण्याची ताकद वाढते. तरीही चरबी उतरली. म्हणजे यकृताला मिळणाऱ्या संदेशात ही ताकद घटण्याचा वाटा होता.

हे स्पष्टीकरण सुटसुटीत आहे आणि बरीच वर्षं पुरेसं वाटत होतं. मग जपानमधल्या नागासे उंदरांनी त्यात पाचर मारली. या उंदरांत जन्मतःच अल्ब्युमिन जवळपास नसतं, मात्र मूत्रपिंड निरोगी असतं. त्यांचं कोलेस्टेरॉल वाढलेलं असतं, पण ट्रायग्लिसराइडने भरलेले कण त्यांच्या रक्तातून नीट साफ होतात. त्याच उंदरांना लघवीतून प्रोटीन जाण्याचा आजार जडवला, की ही सफाई मंदावते. म्हणजे चरबी जादा तयार होणं हा एक दोष आणि ती न हटणं हा दुसरा. दुसऱ्यासाठी गळतीच लागते.

सफाई कशी होते ते पाहू. स्नायू आणि चरबीच्या पेशींजवळच्या केशवाहिन्यांच्या आतल्या भिंतीवर लायपोप्रोटीन लायपेज नावाचं एन्झाइम बसलेलं असतं. वाहत आलेल्या कणांतलं ट्रायग्लिसराइड ते फोडतं आणि निघालेली फॅटी ॲसिड पेशी घेतात. नेफ्रॉटिक अवस्थेत भिंतीवरचं हे एन्झाइम कमी होतं आणि जे उरतं त्याचं कामही रोखलं जातं. का, याचं एक सुरेख उत्तर सुमंत चुघ यांच्या अमेरिकेतल्या गटाने २०१४ मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये मांडलं. फॅटी ॲसिड रक्तात फिरतात त्या अल्ब्युमिनला चिकटून. अल्ब्युमिन लघवीत गेलं, की उरलेल्या थोड्या अल्ब्युमिनवर फॅटी ॲसिडचा भार वाढतो. तो जाणवून स्नायू, हृदय आणि चरबीच्या पेशी ॲंजिओपोएटिन-लाइक-४ हे प्रथिन रक्तात सोडतात. हे प्रथिन दोन कामं करतं : मूत्रपिंडाच्या केशवाहिन्यांना चिकटून गळती थोडी कमी करतं आणि त्याच वेळी लायपोप्रोटीन लायपेजला अडवतं. शरीर गळती कमी करू पाहतं आणि त्याची किंमत ट्रायग्लिसराइडच्या रूपात मोजतं. मला या सगळ्या विषयातला हाच भाग सर्वांत विलक्षण वाटतो.

कोलेस्टेरॉलची अडचण यकृताच्या पृष्ठभागावर होते. तिथले रिसेप्टर एलडीएल कण पकडून आत घेतात. पीसीएसके९ हे प्रथिन त्या रिसेप्टरांचा नाश करतं आणि नेफ्रॉटिक रुग्णांत ते वाढलेलं आढळतं. रिसेप्टर घटले, की एलडीएल रक्तातच फिरत राहतं. भरीला आकाराचा अन्याय आहेच. चरबीचे मोठे कण मूत्रपिंडाच्या फटींतून सहसा जाऊ शकत नाहीत, पण एचडीएलला परिपक्व करणारं एलकॅट हे लहान एन्झाइम आरामात निसटतं. म्हणून रिपोर्टवर एचडीएल ४८ असं बरं दिसलं, तरी ते एचडीएल अर्धवट घडलेलं असू शकतं.

आता त्या मुलाकडे वळू. त्याला चरबी उतरवणारं औषध दिलं जात नाही. प्रेडनिसोलोन दिलं जातं, सुजेच्या आधीच्या वजनाला किलोमागे दोन मिलिग्रॅम, म्हणजे रोज ३४ मिलिग्रॅमच्या आसपास. सहा आठवडे रोज आणि नंतर सहा आठवडे एकाआड एक दिवस कमी मात्रेत. अशा दहापैकी आठ-नऊ मुलांची लघवी चार आठवड्यांच्या आत, पुष्कळदा दहा-पंधरा दिवसांतच, स्वच्छ होते. सलग तीन दिवस प्रोटीन 'निल' किंवा 'ट्रेस' आलं, की आजार आटोक्यात आला असं धरतात. अल्ब्युमिन पुढच्या काही आठवड्यांत वर येतं. कोलेस्टेरॉल मात्र मागून रेंगाळत येतं. महिन्याने ते २६०-२८० दिसलं तर घाबरायचं कारण नसतं, पूर्ववत व्हायला दोन-तीन महिने लागू शकतात.

या काळात आहारात खरी काटकसर मिठाची करायची : पापड, लोणचं, फरसाण, चिप्स बंद. "प्रोटीन जातंय ना, मग प्रोटीन पावडर देऊ" हा विचार स्वाभाविक आहे, पण वयाला साजेशा प्रमाणापेक्षा जास्त प्रोटीन दिल्याने अल्ब्युमिन वाढत नाही, लघवीतली गळती तेवढी वाढते. वरण-भात, दूध, अंडं नेहमीसारखं चालतं. बऱ्याच मुलांना आजार पुन्हा उलटतो, बहुधा सर्दीतापाच्या निमित्ताने. म्हणून घरी पट्टीने सकाळची लघवी तपासून वहीत लिहायला सांगतात. सलग तीन दिवस तीन प्लस आलं, की सूज यायच्या आधीच डॉक्टरांना कळवता येतं.

मोठ्या माणसांची गोष्ट वेगळी. तिथे मधुमेहाने खराब झालेलं मूत्रपिंड, मेंब्रेनस किंवा एफएसजीएस असे हट्टी प्रकार असतात आणि गळती महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं चालते. तेवढा काळ चढलेली चरबी रक्तवाहिन्यांना सोसावी लागते. कॅलिफोर्नियातल्या रुग्णांवरच्या १९९३ सालच्या एका अभ्यासात मधुमेह नसलेल्या नेफ्रॉटिक रुग्णांना हृदयविकाराच्या झटक्याचा धोका इतरांच्या सुमारे साडेपाच पट आढळला. म्हणून अशा रुग्णांना, विशेषतः धूम्रपान किंवा रक्तदाबाची जोड असेल तर, स्टॅटिन सुरू करतात. पण गळती चालू असताना एकट्या स्टॅटिनने आकडे पूर्ववत होणं अवघड असतं. रक्तदाबाच्या औषधांपैकी रॅमिप्रिल किंवा टेल्मिसार्टन गटाची औषधं लघवीतलं प्रोटीन कमी करतात आणि ते जितकं कमी होईल तितकी चरबीही उतरण्याकडे झुकते.

रिपोर्ट वाचतानाही फसगत होते. अनेक लॅब एलडीएल थेट मोजत नाहीत, एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा करून काढतात. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं, की हे गणित टिकत नाही आणि एलडीएल थेट मोजायला सांगावं लागतं. फार चरबीयुक्त रक्तात सोडियमही खोटं कमी दिसू शकतं, कारण मोठी यंत्रं नमुना पातळ करून मोजतात. ब्लड गॅसच्या यंत्रावर तोच आकडा बरोबर येतो.

सर्वांत महागात पडणारी चूक मात्र याहून साधी आहे. पंचेचाळिशीतल्या माणसाचं कोलेस्टेरॉल दोन वर्षांत १९० वरून ३४० वर जातं, खाणं बदललेलं नसतं, घरात कुणाला हा त्रास नसतो. त्याला स्टॅटिन लिहून दिलं जातं आणि सहा महिन्यांनी गोळी बदलून जास्त ताकदीची दिली जाते. पायावरची सूज दिवसभर उभं राहण्याच्या खाती जमा होते. थायरॉईड कमी पडल्यानेही कोलेस्टेरॉल असं चढतं, म्हणून ती तपासणी निदान आठवते. लघवीची तपासणी राहून जाते, आणि स्टॅटिनची पहिली चिठ्ठी लिहिताना सांगायला हवी होती ती हीच.