४८ हजारांचे पत्र, चुकता येणार नाही असे

मीरा-भाईंदर महापालिकेच्या शाळेत आठवीत शिकणारी एखादी मुलगी राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची, म्हणजे एनएमएमएसची परीक्षा देते आणि निवड यादीत तिचे नाव येते. नववी ते बारावी अशी चार वर्षे, वर्षाला १२ हजार रुपये. एकूण ४८ हजार. घरात आनंद होतो, शाळेत सत्कार होतो आणि पालकांच्या हातात एक पत्र पडते. त्या पत्राचा मजकूर साधारण असा असतो:

‘उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, आपल्या पाल्याची सदर शिष्यवृत्तीकरिता निवड झालेली असून, शासनाच्या प्रचलित नियमांच्या अधीन राहून व समाधानकारक शैक्षणिक प्रगतीच्या अटीवर ती पुढे चालू राहील. विहित मुदतीत ऑनलाइन अर्ज न केल्यास होणाऱ्या नुकसानीची जबाबदारी सर्वस्वी पालकांची राहील.’

हा नमुना मी ओळखीच्या साच्यातून जुळवला आहे. यातले एकही वाक्य खोटे नाही, तरी पालकाला त्यातून काहीच कळत नाही. समाधानकारक म्हणजे किती टक्के? विहित मुदत कोणती? अर्ज कुठे करायचा, कुणी करायचा, किती वेळा करायचा? पालकाने पत्र जपून ठेवले, लॅमिनेट करून घेतले, तरीही पैसे बुडू शकतात. निवड झाली म्हणजे पैसे आपोआप येणार, असाच या पत्राचा अर्थ घरात लागतो. प्रत्यक्षात निवडीमुळे फक्त अर्ज करण्याचा हक्क मिळतो. पैशासाठी राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर नववीत नवा अर्ज भरावा लागतो आणि पुढे दहावी, अकरावी, बारावीत दरवर्षी नूतनीकरणाचा. म्हणून हे पत्र नव्याने लिहायला हवे. त्याचे पहिले वाक्य अभिनंदनाचे असले, तरी दुसरे हेच हवे: ‘हे पत्र मिळाले म्हणजे पैसे मंजूर झाले असे नाही. पैशासाठी चार वर्षांत चार अर्ज करावे लागतील.’

यानंतरची अट मीरा-भाईंदरच्या मुलांना सगळ्यात जास्त बाधते. शाळा आठवीपर्यंतच असेल, तर नववीला शाळा बदलावी लागते. ही शिष्यवृत्ती मात्र सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत शिकत असेपर्यंतच मिळते. खासगी विनाअनुदानित शाळेत प्रवेश घेतला की ती थांबते. जवळची शाळा, शेजारच्या मुलांची सोबत, इंग्रजी माध्यमाची ओढ अशा कारणांनी घरात निर्णय होतो आणि शाळा अनुदानित आहे का, हे कुणी विचारत नाही. ‘प्रचलित नियमांच्या अधीन’ या शब्दांत ही अट गाडलेली असते. ती अशी उघडी करता येते: ‘नववीला प्रवेश घेण्याआधी त्या शाळेच्या कार्यालयात विचारा की शाळा अनुदानित आहे का. विनाअनुदानित शाळेत प्रवेश घेतल्यास ही शिष्यवृत्ती मिळणार नाही.’ हे पत्र उन्हाळ्याच्या सुट्टीआधी, प्रवेश ठरण्यापूर्वी हातात पडायला हवे. जुलैत दिले तर ते वाचूनही उपयोग नाही.

टक्क्यांचेही तसेच. ‘समाधानकारक प्रगती’ काढून टाकावी आणि इयत्तेप्रमाणे लिहावे. आठवीच्या वार्षिक निकालात ५५ टक्के हवेत, तर पहिल्या वर्षाची शिष्यवृत्ती. नववीतून दहावीत पहिल्याच प्रयत्नात जायला हवे. दहावीला ६० टक्के मिळाले, तरच अकरावीत ती सुरू राहते. अकरावी पुन्हा पहिल्या प्रयत्नात उत्तीर्ण. अनुसूचित जाती व जमातीच्या मुलांना टक्क्यांच्या दोन्ही अटींत ५ टक्क्यांची सवलत आहे. प्रत्येक अटीपाशी ती मोडल्यावर काय होते, तेही लिहावे. नुसते ‘६० टक्के आवश्यक’ वाचून मूल ते ध्येय समजते. ‘दहावीला ६० टक्क्यांपेक्षा कमी पडले तर अकरावी-बारावीचे २४ हजार मिळणार नाहीत’ असे वाचले की अट कळते. कौटुंबिक उत्पन्नाची साडेतीन लाखांची मर्यादा आणि उत्पन्नाचा दाखला यांबद्दलही असेच सरळ वाक्य हवे.

आता मुदत. बहुतेक पत्रांचा सगळ्यात मोठा दोष इथेच आहे. पोर्टलवर एक नव्हे, तीन मुदती असतात. पहिली विद्यार्थ्याने अर्ज भरण्याची. दुसरी शाळेने तो पडताळण्याची. तिसरी जिल्हास्तरावर, म्हणजे आपल्या बाबतीत ठाणे जिल्ह्याच्या पातळीवर, पडताळणीची. मुलीने पहिल्या मुदतीत अर्ज भरला, पालक निश्चिंत झाले आणि नव्या शाळेच्या लॉगिनमध्ये तो अर्ज तसाच पडून राहिला, तर तो बाद होतो. चूक आढळली तर शाळा अर्ज दुरुस्तीसाठी परत पाठवते. तो दुरुस्त करून पुन्हा सादर करावा लागतो, आणि पालकांना त्याचा पत्ताच नसतो. म्हणून पत्रात पालकाची, शाळेची आणि जिल्ह्याची तारीख वेगळ्या ओळींवर छापावी आणि प्रत्येक तारखेपुढे काम करणाऱ्याचे नाव लिहावे. खाली पालकासाठी एक वाक्य: ‘अर्ज भरल्यावर १० दिवसांनी शाळेत जाऊन अर्ज पडताळला का, ते विचारा.’

तारीख लिहिण्याचीही एक पद्धत आहे. ‘०५/१०’ असे लिहू नये, ‘५ ऑक्टोबर, सोमवार, दुपारी ४ पर्यंत, शाळेच्या कार्यालयात’ असे लिहावे. महापालिकेच्या शाळांत मराठीबरोबर हिंदी, गुजराती आणि उर्दू माध्यमाची मुले आहेत. महिन्याचे नाव आणि वार त्यांच्या घरी समजण्याची शक्यता जास्त, सरकारी वाक्यरचना समजण्याची कमी. पोर्टलच्या तारखा दरवर्षी बदलतात आणि कधी वाढतातही. वाढीची वाट पाहू नये, म्हणून शाळेने पोर्टलच्या शेवटच्या तारखेच्या १५ दिवस आधीची आपली तारीख द्यावी आणि ती शाळेची आहे हेही सांगावे.

बँकेच्या बाबतीत ‘आधार संलग्न खाते’ एवढेच लिहून भागत नाही. खात्याला आधार ओळख म्हणून दिलेले असणे वेगळे आणि सरकारी पैसे जमा होण्यासाठी, म्हणजे डीबीटीसाठी, ते खाते आधारला जोडलेले असणे वेगळे. पहिले झाले म्हणून दुसरे झालेच असे नाही. पत्रात लिहावे: ‘बँकेत जाऊन विचारा, डीबीटीसाठी या खात्याशी आधार सीडिंग झाले आहे का?’ प्रश्नच तयार दिला की पालकाला बँकेतल्या काउंटरवर तो वाचून दाखवता येतो.

पत्र नीट झाले का, हे लिहिणाऱ्याला स्वतः वाचून कळणार नाही, कारण त्याला नियम आधीच ठाऊक असतात. शाळेच्या दारात मुलीला न्यायला आलेल्या आईच्या हातात पत्र द्यावे आणि चार प्रश्न विचारावेत: पुढचे काम काय? कोणत्या तारखेपर्यंत? कुठली शाळा चालणार नाही? दहावीला किती टक्के? आईने उत्तर देताना पत्रातल्या ओळीवर बोट ठेवले पाहिजे. ती आठवून किंवा अंदाजाने सांगू लागली, तर ती ओळ पुन्हा लिहायची. दोन-तीन पालकांकडून हे करून घ्यायला दुपारचा अर्धा तास पुरतो.

एक गोष्ट मात्र एका पत्राने साधत नाही. पत्र आठवीची शाळा देते, पण नववीचा अर्ज नवी शाळा पडताळते, आणि त्या शाळेतल्या लिपिकाला या मुलीची निवड झाल्याचे माहीत नसते. म्हणून पत्राची दुसरी प्रत नव्या शाळेच्या मुख्याध्यापकांच्या नावे काढावी. त्यात मुलीचे नाव, परीक्षेचे वर्ष, बैठक क्रमांक आणि ‘हिचा अर्ज आपल्या लॉगिनमध्ये येईल, कृपया आपल्या मुदतीत पडताळावा’ एवढेच असावे. ती प्रत शाळा सोडल्याच्या दाखल्याला टाचून द्यावी, कारण दाखला नव्या शाळेच्या कार्यालयात हमखास पोहोचतो.