औषध कोणाला मिळाले, आणि का? (लेखांक ६)

मद्रासचे चेन्नई झाले त्याच वर्षी, म्हणजे १९९६ मध्ये, ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सायकियाट्री’मध्ये त्या शहरातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. स्कॉटलंडचे रॉबिन मॅक्रेडी आणि चेन्नईच्या ‘स्कार्फ’ संस्थेच्या आर. थारा, शारदा मेनन व त्यांचे सहकारी यांनी ३०८ वृद्धांच्या हालचाली तपासल्या होत्या. जबडा, ओठ, जीभ आपोआप हलत राहणे, म्हणजे डिस्कायनेशिया, कोणाला आहे हे त्यांना पाहायचे होते. अँटिसायकोटिक औषधांचा हा सुपरिचित दुष्परिणाम.

औषधे घेतलेल्या ८३ स्किझोफ्रेनिया रुग्णांत हे प्रमाण ४१ टक्के निघाले, तर १०१ निरोगी वृद्धांत १५ टक्के. एवढ्यावर थांबले असते तर सगळा दोष औषधावर गेला असता. पण या संशोधकांकडे जगात सहसा न सापडणारा एक गट होता: स्किझोफ्रेनिया असूनही आयुष्यात कधीच औषध न घेतलेले २१ रुग्ण. त्यांच्यातही प्रमाण ३८ टक्के होते. या हालचाली आजाराचाच भाग असाव्यात, असा निष्कर्ष लेखकांनी काढला.

ज्या कारणासाठी औषध दिले जाते, तेच कारण जर दुष्परिणामाशीही जोडलेले असेल, तर आजाराचे खापर औषधावर फुटते. यालाच कन्फाउंडिंग बाय इंडिकेशन म्हणतात. असा विनाऔषध गट बहुतेक संशोधकांच्या नशिबी नसतो. मग हाती असलेल्या नोंदींतूनच तुलना उभी करावी लागते.

पॉल रोझेनबाम आणि डोनाल्ड रुबिन यांनी १९८३ मध्ये प्रोपेन्सिटी स्कोअर मांडला तो याचसाठी. एखाद्या रुग्णाची त्या वेळची माहिती पाहता त्याला औषध मिळण्याची शक्यता किती, हा तो आकडा. वय, आजाराची तीव्रता, किती वर्षांपासूनचा आजार, तंबाखू, घरातला आधार, दवाखान्याचे अंतर अशा गोष्टी घेऊन लॉजिस्टिक रिग्रेशनने तो काढतात.

एक काल्पनिक उदाहरण करून पाहू. १,००० रुग्ण आहेत. ४०० जणांचा आजार तीव्र, ६०० जणांचा सौम्य. तीव्र गटात ३२० जणांना औषध मिळाले, म्हणजे स्कोअर ०.८, सौम्य गटात १२० जणांना, स्कोअर ०.२. औषधाचा काहीच परिणाम नाही असे धरू: तीव्र आजारात ४० टक्के आणि सौम्य आजारात १० टक्के जणांना डिस्कायनेशिया होतोच. आता औषध घेणाऱ्या ४४० जणांत १४० जणांना डिस्कायनेशिया सापडेल, म्हणजे सुमारे ३२ टक्के. न घेणाऱ्या ५६० जणांत ८०, म्हणजे १४ टक्के. निरुपद्रवी औषध दुपटीहून अधिक घातक दिसू लागले!

आता प्रत्येकाला वजन द्यायचे. औषध घेणाऱ्याला १ भागिले स्कोअर, न घेणाऱ्याला १ भागिले (१ वजा स्कोअर). तीव्र आजार असून औषध न मिळालेला माणूस दुर्मीळ, म्हणून तो पाच जणांच्या जागी उभा राहतो. त्याच गटात औषध मिळालेल्याचे वजन १.२५. दोन्ही बाजू १,००० जणांच्या होतात, दोन्हीकडे २२० जणांना डिस्कायनेशिया, २२ टक्के. फरक नाहीसा होतो.

प्रत्यक्षात पाय घसरतो तो स्कोअरमध्ये काय घालायचे यावर. फक्त औषध सुरू होण्याआधीची माहिती घ्यावी. आज मोजलेली तीव्रता औषधानेच बदललेली असते. ती घातली तर औषधाचा परिणामच पुसला जाऊ शकतो. मॉडेल उत्तम आहे का, हे औषध कोणाला मिळाले ते त्याने किती अचूक ओळखले यावरून ठरवू नये. वजन दिल्यावर प्रत्येक घटकाचा प्रमाणित सरासरी फरक ०.१ च्या आत आला का, ते पाहावे. आणि ज्याची नोंदच नाही, ते स्कोअरला दिसत नाही. डॉक्टरने रुग्णाच्या चेहऱ्यावर वाचलेली अस्वस्थता केसपेपरवर नसेल तर कोणतेही वजन ती भरून काढणार नाही. म्हणूनच शक्य तिथे औषध विरुद्ध विनाऔषध ही तुलना टाळून एकाच कारणासाठी दिलेली दोन औषधे, आणि तीही नव्याने सुरू करणाऱ्यांत, ताडून पाहणे अधिक भरवशाचे.

मद्रासच्या त्या अभ्यासालाही मर्यादा होत्या. एकाच वेळी केलेल्या तपासणीत चालू औषध काही हालचाली दाबूनही ठेवते. शिवाय पार्किन्सनिझममध्ये चित्र वेगळे होते: विनाऔषध रुग्णांत २४ टक्के, औषध घेणाऱ्यांत ३६. आणि २१ पैकी ८ म्हणजे ३८ टक्के खरे, पण इतक्या लहान गटात खरे प्रमाण साधारण १८ ते ६२ टक्क्यांमध्ये कुठेही असू शकते. औषध निर्दोष आहे असे त्यातून सिद्ध होत नाही. निरोगी वृद्धांशी केलेली तुलना औषधाबद्दलच्या प्रश्नाला पुरेशी नव्हती, एवढे मात्र त्या ८ जणांनी दाखवून दिले.