जुना हिशोब न मोडता
आयझॅक न्यूटन यांनी १६७५ साली जॉन स्मिथ नावाच्या गृहस्थांना एक पत्र लिहिले. स्मिथ यांना एक ते दहा हजार या संख्यांची वर्गमुळे, घनमुळे आणि चतुर्थमुळे देणारी कोष्टके तयार करायची होती. प्रत्येक मूळ स्वतंत्रपणे काढायचे म्हटले, तर आयुष्य त्यातच जाईल. न्यूटन यांचा सल्ला असा, की ठरावीक अंतरावरच्या काही संख्यांची मुळे काळजीपूर्वक काढावीत आणि मधली मुळे फरकांच्या साहाय्याने भरावीत. पुढे १६८७ साली ‘प्रिन्सिपिया’च्या तिसऱ्या भागात त्यांनी हीच कल्पना धूमकेतूसाठी वापरली. धूमकेतू काही रात्री कुठे दिसला ते ठाऊक आहे, तर मधल्या एखाद्या वेळी तो कुठे असेल? ढगाळ हवेमुळे निरीक्षणे सारख्या अंतराने मिळत नाहीत, म्हणून न्यूटन यांनी असमान अंतराचाही विचार केला. ‘मेथोडस डिफरेन्शियालिस’ या १७११ साली छापलेल्या पुस्तिकेत ही पद्धत सविस्तर आली.

माहीत असलेल्या किमतींमधून जाणारी बहुपदी शोधायची आणि तिच्यावरून मधली किंमत काढायची, याला गणितात अंतर्वेशन म्हणतात. दोन बिंदूंतून एकच सरळ रेषा जाते, तीन बिंदूंतून जास्तीत जास्त दुसऱ्या घाताची एकच बहुपदी जाते, चार बिंदूंतून तिसऱ्या घातापर्यंतची एकच. बहुपदी एकच असली, तरी ती लिहिण्याच्या रीती अनेक आहेत. नंतर एखादा नवा बिंदू हाती आला, तर किती काम पुन्हा करावे लागेल, हे आपण कोणती रीत निवडली यावर ठरते.

स्मिथ यांच्याच कोष्टकातले एक लहानसे उदाहरण घेऊ. १, ४ आणि ९ यांची वर्गमुळे १, २ आणि ३ आहेत. एवढ्यावरून ५ चे वर्गमूळ काढायचे आहे. खरे उत्तर २.२३६१ आहे, त्यामुळे आपण किती चुकलो ते पडताळता येईल. शाळेतल्या सवयीप्रमाणे, संख्येला ‘क्ष’ म्हणून, या तीन बिंदूंतून जाणारी बहुपदी अशी लिहिता येते:

०.६ + ०.४१६७ क्ष − ०.०१६७ क्ष²

ती बरोबर आहे. पण समजा, आता कोणी सांगितले की ६.२५ चे वर्गमूळ २.५ आहे, तेही धरा. चार बिंदूंतून जाणारी बहुपदी अशी होते:

०.५४११ + ०.४९६८ क्ष − ०.०३९६ क्ष² + ०.००१६ क्ष³

एक बिंदू वाढला आणि पहिले तिन्ही सहगुणक बदलले. आधीच्या मेहनतीतले काहीच कामी आले नाही. लाग्रांज यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मूळ मांडणीतही हीच अडचण येते. तिथे प्रत्येक बिंदूसाठी एक वेगळे पद असते आणि त्या पदात बाकीचे सगळे बिंदू गुंफलेले असतात. त्यामुळे नवा बिंदू आला, की प्रत्येक पदाला हात लावावा लागतो.

न्यूटन यांच्या मांडणीत तीच तीन बिंदूंची बहुपदी अशी दिसते:

१ + (क्ष − १)/३ − (क्ष − १)(क्ष − ४)/६०

पहिले पद फक्त पहिल्या बिंदूचे आहे. दुसऱ्या पदात (क्ष − १) असल्यामुळे क्ष = १ असताना ते शून्य होते, म्हणजे पहिल्या बिंदूला धक्का लागत नाही. तिसरे पद १ आणि ४ या दोन्ही ठिकाणी शून्य होते. क्ष = ५ ठेवले, की १ + १.३३३३ − ०.०६६७ म्हणजे २.२६६७ मिळतात. खऱ्या उत्तरापेक्षा सुमारे ०.०३ जास्त.

आता ६.२५ हा बिंदू जोडू. नवे पद १, ४ आणि ९ या तिन्ही ठिकाणी शून्य व्हायला हवे, म्हणून त्यात (क्ष − १)(क्ष − ४)(क्ष − ९) हा गुणाकार असणारच. उरतो प्रश्न एकाच सहगुणकाचा. जुनी बहुपदी ६.२५ ला २.५५३१ देते, हवेत २.५. कमी-जास्त −०.०५३१ आहे. त्याच ठिकाणी तो गुणाकार −३२.४८४ इतका आहे. भागाकार केला, की सहगुणक मिळतो ०.००१६३५. नवे पद जुन्या बहुपदीपुढे जोडायचे, बस्स. आधीचे एकही चिन्ह खोडावे लागत नाही.

हा सहगुणक काढण्याचा नीटनेटका मार्ग म्हणजे विभाजित फरकांचे कोष्टक. दोन शेजारच्या किमतींमधला फरक, भागिले त्यांच्या क्ष-मधले अंतर, हा पहिला विभाजित फरक. म्हणजे दोन बिंदूंना जोडणाऱ्या रेषेचा चढ. मग अशा दोन चढांमधला फरक घ्यायचा आणि त्यांत सामील असलेल्या बिंदूंपैकी टोकाच्या दोघांमधल्या अंतराने भागायचे. हा दुसरा विभाजित फरक झाला. पुढेही हेच करत जायचे. आपल्या चार बिंदूंचे कोष्टक असे होते:

| क्ष | वर्गमूळ | पहिला फरक | दुसरा फरक | तिसरा फरक |
|---|---|---|---|---|
| १ | १ | | | |
| ४ | २ | ०.३३३३३३ | | |
| ९ | ३ | ०.२००००० | −०.०१६६६७ | |
| ६.२५ | २.५ | ०.१८१८१८ | −०.००८०८१ | ०.००१६३५ |

प्रत्येक ओळीतला शेवटचा आकडा बहुपदीचा सहगुणक असतो: १, ०.३३३३, −०.०१६७ आणि ०.००१६३५. नवा बिंदू म्हणजे कोष्टकाखाली एक नवी ओळ. ती भरायला फक्त तिच्या वरची ओळ लागते. शेवटची ओळच पाहा: (२.५ − ३) भागिले (६.२५ − ९) म्हणजे ०.१८१८१८. त्यातून वरचा ०.२ वजा करून (६.२५ − ४) ने भागले, की −०.००८०८१. त्यातून वरचा −०.०१६६६७ वजा करून (६.२५ − १) ने भागले, की ०.००१६३५. तीन भागाकार, सहा वजाबाक्या, काम संपले. ६.२५ ही संख्या ४ आणि ९ यांच्या मधली असूनही ती शेवटी लिहिली तरी चालते, कारण विभाजित फरकाची किंमत बिंदूंच्या क्रमावर अवलंबून नसते.

आधीचे २० बिंदू असतील आणि एकविसावा आला, तर नव्या ओळीसाठी २० भागाकार पुरतात. पूर्ण कोष्टक मुळापासून मांडायचे, तर २१० भागाकार लागतात. आणि क्ष-च्या घातांचे सहगुणक समीकरणे सोडवून काढायला बसलो, तर केवळ गुणाकारच तीन हजारांच्या आसपास जातात. जपून ठेवायचे आकडेही थोडेच: सहगुणक, क्ष-च्या किमती आणि कोष्टकाची शेवटची ओळ.

नव्या पदामुळे ५ च्या वर्गमुळाचे काय होते? क्ष = ५ असताना (५ − १)(५ − ४)(५ − ९) म्हणजे −१६. त्याला ०.००१६३५ ने गुणले, की −०.०२६२. जुन्या २.२६६७ मध्ये ते मिळवले, की २.२४०५. चूक ०.०३ वरून ०.००४४ वर आली. यातून आणखी एक गोष्ट हाती लागते. जुन्या उत्तरातली खरी चूक ०.०३०६ होती आणि नवे पद ०.०२६२ इतके निघाले. खरे उत्तर ठाऊक नसते, तरी या पदाने जुने उत्तर साधारण किती चुकले होते ते सांगितलेच असते. शिवाय पदे उतरत आहेत: १.३३, मग ०.०६७, मग ०.०२६. प्रत्यक्ष कामात थांबायचे कधी, हे याच उतरणीवरून ठरवतात.

पण प्रत्येक नवा बिंदू उपयोगीच पडेल असे नाही. ६.२५ ऐवजी आपण शून्य घेतले असते तर? शून्याचे वर्गमूळ शून्य, ही माहिती तंतोतंत खरी आहे. नवी ओळ भरली, तर ती ०.३३३३, −०.०३३३ आणि ०.०१६७ अशी येते. क्ष = ५ ला नवे पद −१६ गुणिले ०.०१६७, म्हणजे −०.२६६७. उत्तर येते २.००००. म्हणजे बहुपदीच्या मते ५ चे आणि ४ चे वर्गमूळ सारखेच! चूक ०.०३ वरून ०.२४ वर गेली. कारण वर्गमुळाचा आलेख शून्याशी अगदी उभा होतो. बहुपदीला कुठेही असे उभे राहता येत नाही, म्हणून तो बिंदू गाठण्यासाठी ती इतरत्र वाकते. मात्र ही गडबड लपून राहत नाही. आधीचे पद ०.०६७ होते आणि नवे ०.२६७ निघाले, म्हणजे उतरण्याऐवजी चौपट झाले. इथे थांबावे, नवी ओळ आणि नवे पद पुसावे, दुसरा बिंदू घ्यावा. जोडणे जितके स्वस्त, तितकेच काढणेही स्वस्त आहे, पण फक्त शेवटचा बिंदू. मधला बिंदू काढायचा, तर त्यानंतरच्या सगळ्या ओळी नव्याने भराव्या लागतात.

दुसरा धोका मूळ आकड्यांतल्या लहान चुकांचा. समजा ४ चे वर्गमूळ २ ऐवजी २.०१ असे लिहिले गेले. ही अर्ध्या टक्क्याची चूक आहे. पण वरच्या कोष्टकात तिसरा फरक ०.००१६३५ वरून ०.००१९३२ वर जातो, म्हणजे सुमारे १८ टक्क्यांनी बिघडतो. प्रत्येक पायरीला जवळजवळच्या संख्या एकमेकींतून वजा होतात. खरा भाग आक्रसतो आणि चूक मात्र त्या मानाने मोठी होत जाते. दोन क्ष फार जवळ असतील, तर लहान संख्येला लहान संख्येने भागावे लागते आणि आकडे आणखी अविश्वसनीय होतात. दोन क्ष सारखेच असतील, तर छेद शून्य होतो आणि कोष्टक तिथेच अडते. म्हणून मोजमापांवरून काम करताना वरच्या फरकांमध्ये चिन्हे वेडीवाकडी बदलू लागली, आकडे उतरेनासे झाले, की त्यापुढे माहिती संपली आणि मोजमापातला गोंधळ सुरू झाला असे समजावे. अशा वेळी आणखी बिंदू जोडून बहुपदी वाढवू नये. जवळचे चार-पाच बिंदू घेऊन तेवढ्यावरच थांबावे.

तेव्हा न्यूटन यांच्या मांडणीतून फक्त भागाकार वाचतात असे नाही. नव्या माहितीचा परिणाम एका वेगळ्या पदात राहतो, म्हणून तो तपासता येतो. घातांच्या रूपात लिहिलेल्या बहुपदीत नवा बिंदू सगळ्या सहगुणकांत विरघळून जातो आणि त्याने भले केले की बुरे, हे त्या आकड्यांकडे पाहून कळत नाही. इथे शेवटचे पद पाहिले, की ते कळते. पद लहान असेल तर बिंदू ठेवायचा, मोठे असेल तर थांबून कारण शोधायचे.