दुबईतल्या नाणेफेकीची किंमत

2021 च्या टी-20 विश्वचषकात दुबईच्या मैदानावर 13 सामने झाले आणि त्यातले 12 दुसऱ्यांदा फलंदाजी करणाऱ्या संघाने जिंकले. 14 नोव्हेंबरच्या अंतिम सामन्यात न्यूझीलंडने 172 धावा केल्या होत्या. नाणेफेक जिंकून क्षेत्ररक्षण घेतलेल्या ऑस्ट्रेलियाने दोनच गडी गमावून सात चेंडू राखून त्या पार केल्या. तेव्हापासून ‘दुबईत टॉस जिंकला की मॅच जिंकली’ हे वाक्य पक्कं झालं. त्यात खरं किती, हे संभाव्यतेच्या भाषेत मोजता येतं. मोजायची पट्टी म्हणजे सामना कोण जिंकणार यावरचे भाव.

भारतात क्रिकेटवर सट्टा लावणं बेकायदा आहे. ब्रिटनमध्ये तो परवाना घेऊन चालतो, त्यामुळे तिथले भाव उघडपणे पाहता येतात. 2.00 भाव म्हणजे एका पौंडाचे जिंकल्यास दोन पौंड मिळणार. एकाला भावाने भागलं की बाजाराच्या मते जिंकण्याची शक्यता मिळते. इथे ती 50 टक्के. दोन्ही संघांच्या शक्यतांची बेरीज बहुधा शंभराच्या थोडी वर जाते, कारण भाव देणाऱ्याचा नफा तिच्यातच असतो. म्हणून आधी ती बेरीज शंभरावर आणून घ्यावी लागते.

नाणेफेकीआधीच्या भावात मैदानाची कीर्ती आधीच मिसळलेली असते, ही गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. नाणं कोणाच्याही बाजूने पडेल, म्हणून तो भाव दोन्ही शक्यतांची सरासरी असतो. बरोबरीच्या सामन्यात नाणेफेकीची किंमत आठ टक्के असेल, तर जिंकणारा संघ 50 वरून 58 वर जातो आणि हरणारा 42 वर येतो. म्हणजे एकाचा भाव 2.00 वरून 1.72 होतो, दुसऱ्याचा 2.38. आपल्याला शोधायचा आहे तो हा आठच्या जागचा आकडा.

आता दुबईचा हिशोब करू. पाठलाग करणारा संघ 12 वेळा जिंकला, पण नाणेफेक जिंकणारा 11 वेळा. अफगाणिस्तानने पाकिस्तानविरुद्ध नाणेफेक जिंकून आधी फलंदाजी घेतली आणि ते हरले. स्कॉटलंडने न्यूझीलंडविरुद्ध क्षेत्ररक्षण घेतलं आणि तेही हरले. भाव हलतो तो नाणेफेकीच्या निकालावर, म्हणून आपण 11 हाच आकडा धरायचा.

पण या अकरांमध्ये भारताने स्कॉटलंड आणि नामिबियाला हरवलेलंही आहे. ते सामने भारताने नाणेफेक हरूनही बहुधा जिंकलेच असते. म्हणून प्रत्येक सामन्यात नाणेफेक जिंकणाऱ्या संघाची आधीची शक्यता लिहावी लागते. खरं काम करणारा तिथे नोंदवून ठेवलेले भाव घेईल. इथे पद्धत दाखवण्यासाठी मी संघांच्या ताकदीचे माझे ढोबळ अंदाज घेतले आहेत: स्कॉटलंडविरुद्ध भारत 95 टक्के, न्यूझीलंडविरुद्ध स्कॉटलंड 6, पाकिस्तानविरुद्ध अफगाणिस्तान 25, अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलिया 53. अशा तेरा आकड्यांची बेरीज येते 7.15. नाणेफेकीचा काहीच परिणाम नसता, तर तिच्या विजेत्यांनी साधारण सात सामने जिंकले असते. त्यांनी 11 जिंकले. जास्तीचे झाले 3.85.

आता वजनाचा प्रश्न येतो. 95 टक्क्यांचा सामना नाणेफेकीबद्दल फारसं काही सांगत नाही, पन्नास-पन्नासचा खूप सांगतो. एका संघाची शक्यता गुणिले दुसऱ्या संघाची, हा गुणाकार बरोबरीच्या सामन्यात सर्वात मोठा, म्हणजे 0.25 असतो. भारत-स्कॉटलंडमध्ये तो 0.05 च्या आतच राहतो, म्हणून तो सामना बरोबरीच्या सामन्याच्या जेमतेम एक पंचमांश मोलाचा. असं मोजलं की दुबईचे 13 सामने बरोबरीच्या सुमारे दहाच सामन्यांइतके भरतात.

दहा सामन्यांत 3.85 जास्त म्हणजे नाणेफेकीची किंमत 38 टक्के झाली! यावर कोणीही विश्वास ठेवू नये. दहा सामन्यांत निव्वळ योगायोगानेही दीड-दोन विजय इकडे-तिकडे होतात. शिवाय आपण हे मैदान निवडलंच मुळी ते टोकाचं दिसलं म्हणून. म्हणून अंदाज सगळ्या मैदानांच्या सरासरीकडे ओढून आणावा लागतो. त्याची सोपी रीत अशी: नाणेफेक जिंकणारा 52 टक्के वेळा जिंकतो असे बरोबरीचे 40 काल्पनिक सामने खऱ्यांमध्ये मिसळायचे. त्या चाळिसांत जास्तीचे विजय 0.8. खरे 3.85 मिळवले की 4.65, आणि एकूण सामने 50. उत्तर येतं नऊ टक्क्यांच्या किंचित वर. म्हणजे बरोबरीच्या सामन्यात भाव 2.00 वरून 1.69 च्या आसपास यायला हवा, आणि हरणाऱ्याचा 2.44 च्या आसपास जायला हवा. 95 टक्क्यांच्या संघाला मात्र याच परिणामाने दीड टक्काच मिळतो; त्याचा भाव 1.05 वरून 1.04 होतो.

हे काल्पनिक सामने 40 का, 150 का नाहीत? दीडशे धरले तर उत्तर चार टक्क्यांवर येतं. या निवडीत मोजणाऱ्याचा निर्णय असतो आणि तो लपवू नये. मैदानं एकमेकांपेक्षा खरोखर किती वेगळी असतात, यावर तो ठरतो, आणि त्यासाठी वेगळेपणाचं कारणही दिसायला हवं. दुबईत ते दिसतं. रात्री दव पडलं की चेंडू ओला होतो, फिरकी गोलंदाजाच्या बोटांतून सुटतो आणि बॅटवर सरळ येतो.

दवाचं कारण खरं असेल तर ते वेळेनुसार बदललं पाहिजे. त्या 13 पैकी तीन सामने स्थानिक वेळेनुसार दुपारी दोनला सुरू झाले. नोव्हेंबरमध्ये तिथे साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे त्यांत दवाला फारसा वावच नव्हता. आधी फलंदाजी करून जिंकलेला एकमेव सामना, न्यूझीलंड-स्कॉटलंडचा, या तिघांतलाच. संध्याकाळचे दहाही सामने पाठलाग करणाऱ्यांनी जिंकले. पण दुपारीच बांगलादेश 73 धावांत बाद झाला आणि ऑस्ट्रेलियाने 6.2 षटकांत सामना संपवला. तो निकाल नाणेफेकीच्या खात्यात टाकणं चूक ठरेल. दुपार आणि संध्याकाळ यांचे आकडे वेगळे ठेवले पाहिजेत.

याला समांतर दुसरी मोजणीही असते: नाणेफेकीच्या पाच मिनिटं आधी आणि पाच मिनिटं नंतर भाव किती हलला ते थेट पाहायचं. तिच्यात सामन्याच्या निकालातला योगायोग येत नाही, म्हणून थोड्या सामन्यांतही आकडा स्थिर दिसतो. पण ती बाजाराची समजूत मोजते, मैदान नाही. शिवाय त्याच क्षणी अंतिम अकरा खेळाडू जाहीर होतात. मुख्य गोलंदाज बाहेर बसला असेल, तर भाव त्यानेही हलतो, म्हणून असे सामने बाजूला काढावे लागतात. बाजार पंधरा टक्के हलत असेल आणि निकालांवरून नऊच निघत असतील, तर बाजार गाजलेल्या वाक्याला भुलला असण्याची शक्यता मोठी.

पुढची कसोटी वर्षभरातच आली. 2022 च्या आशिया चषकात दुबईत नऊ सामने झाले, सगळे संध्याकाळचे. नाणेफेक जिंकणाऱ्या प्रत्येक कर्णधाराने क्षेत्ररक्षण घेतलं आणि सहाच संघ जिंकले. अंतिम सामन्यात श्रीलंकेने नाणेफेक हरूनही 170 धावा करून पाकिस्तानला 23 धावांनी हरवलं. दुबईची जादू ओसरली, असं अनेकांना वाटलं. पण हरलेल्या तिघांत भारताविरुद्धचे हाँगकाँग आणि अफगाणिस्तान आहेत, ज्यांच्याकडून विजयाची फारशी अपेक्षाच नव्हती. त्याच ढोबळ अंदाजांनी नाणेफेक जिंकणाऱ्यांचे अपेक्षित विजय साडेतीन निघतात, प्रत्यक्षात सहा झाले. हे नऊ सामने बरोबरीच्या साडेसात सामन्यांइतके. ते आधीच्या पन्नासात मिळवले की अंदाज नऊवरून खाली न येता बारा टक्क्यांवर जातो. भावाच्या भाषेत बरोबरीच्या सामन्यात 2.00 वरून 1.61.